वीस हजार तेरा फूट

ऑफिसच्या जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. आकडेबाई नऊ वर्षं तो जिना चढत होत्या आणि रोज पायऱ्या मोजत होत्या. नवऱ्यानं एकदा विचारलं होतं, "एखाद्या दिवशी अठरा भरल्या तर काय करशील?"

"आदल्या दिवशी कोण चुकलं होतं ते शोधीन," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

वरच्या मजल्यावर ट्रेक नेणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दोर, तंबू, बूट आणि कधीच पूर्ण न वाळलेल्या लोकरीचा वास. आतल्या खोलीत मालकाचं टेबल, आणि खिडकीपाशी बाईंचं. गाईड नवी वाट बघून आला की त्याच्या नोंदी बाईंकडे येत. त्यावरून त्या ट्रेकचा आराखडा करत. कोणत्या दिवशी कुठून कुठे, कोणता कॅम्प किती उंचीवर, शिखर किती मीटर, किती फूट. सोबत उंचीचं टिपण : कुठे एक रात्र जादा थांबायचं, कुणाचं डोकं ठणकायला लागलं तर त्याला कुठवर खाली आणायचं. खाली बाईंची सही. सही होईपर्यंत तो नुसता कागद असे.

त्यांचं खरं नाव मस्टरवर होतं, पण हाक मारताना कुणाला ते आठवत नसे. बाई छप्पन्न वर्षांच्या, किडकिडीत, गळ्यात दोन चष्मे. एक नकाशासाठी, एक माणसांसाठी. नकाशाच्या चष्म्यातून त्या माणसाकडे बघायला लागल्या की माणूस आपोआप खिसे चाचपायचा.

त्या अशा जन्मल्या नव्हत्या. आधी बावीस वर्षं त्या नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत होत्या. काचेच्या टेबलाखाली दिवा, वर पारदर्शक कागद, आणि त्यावर शाईनं टेकड्या उतरवायच्या. तिथे एका साहेबांनी हातानं लिहून दिलेली एका टेकडीची उंची त्यांनी जशीच्या तशी उतरवली, १८७४. खरी होती १८४७. साहेबांचा कागद नंतर कुठे सापडला नाही. बाईंच्या फायलीत मात्र ठपका कायमचा राहिला. तेव्हापासून त्यांनी एक सवय लावून घेतली. कुणीही दिलेला आकडा त्या पुढे नेण्याआधी एकदा मागे नेत. मीटरचे फूट करून दिले असतील तर फुटांचे परत मीटर करत. आलेल्या माणसाला त्याच्याच पावलांवरून उलटं घरापर्यंत चालवत न्यावं, तसं. घरी पोचला तर ठीक. नाहीतर तो आला कुठून?

त्या सोमवारी टोप्या आला.

टोप्या म्हणजे गाईड. वय चौतीस, आणि डोक्यावरची राखाडी लोकरी टोपी उन्हाळ्यातही न काढणारा. अकरा वर्षं तो दुसऱ्यांच्या मागून दोर वाहत चालला होता. आता पहिल्यांदाच मालकानं त्याला एकट्याला नवं शिखर बघायला पाठवलं होतं. नकाशावर त्या शिखराला नाव नव्हतं, उंचीही छापलेली नव्हती. मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "नोंदींवर बाईंची सही झाली, तर हा ट्रेक तू नेणार. म्होरक्या म्हणून. नाही झाली, तर पुन्हा मागे दोर वाहायचा." बाहेरच्या खोलीतल्या बाकीच्या गाईडांनी तेव्हा खूप मनापासून पाठ थोपटली होती. इतक्या मनापासून, की बाईंनी ते लक्षात ठेवलं.

"मावशी, झालं," टोप्यानं नोंदींचा कागद टेबलावर ठेवला. ऑफिसचा छापील कागद. मालकानंच बनवून घेतलेला, त्यात उंचीसाठी एकच रकाना, फुटांचा. येणारी माणसं फूट विचारतात, मीटर ऐकून त्यांच्या अंगावर काटा येत नाही, असं मालकाचं म्हणणं.

"बाई म्हण. मी तुझी मावशी नाही."

"माझी मावशी पण असंच म्हणते."

बाईंनी नकाशाचा चष्मा चढवला. अक्षर स्वच्छ होतं. एकही खाडाखोड नव्हती. हे त्यांना पहिल्या क्षणापासून आवडलं नाही. अकरा दिवस थंडीत आखडलेल्या बोटांनी माणूस इतकं स्वच्छ लिहीत नाही.

कॅम्प एक, १३,१२३ फूट. कॅम्प दोन, १४,७६४. कॅम्प तीन, १६,४०४. कॅम्प चार, १७,७१७. शिखर, २०,०१३.

"वीस हजार तेरा!" मालक मागून डोकावला. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि तो कप हलला. "अरे, वीस हजार पार! बाई, वीस हजार फुटांच्या वरचा डोंगर म्हणजे काय, कळतंय का? माहितीपत्रकावर एवढा मोठा आकडा टाकू." त्यानं हातानं तो आकडा हवेत दाखवला. तो खिडकीपेक्षा मोठा होता.

"सही नाही झाली अजून," बाई म्हणाल्या.

"करा की. तेरा फूट आहेत हो हातचे. वीस हजारावर तेरा. इतकं बारीक मोजणारा माणूस खोटं कशाला लिहील?"

तेरा हा आकडा बाईंच्या मनात एखाद्या खड्यासारखा राहिला. खोटं बोलणारी माणसं नेहमी बारीक मोजतात, हे त्यांना कचेरीपासून ठाऊक होतं. खरं बोलणारा म्हणतो, "असेल वीसेक हजार."

टोप्या बाहेर जाऊन दोर गुंडाळत बसला. बाईंनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला आणि कागद उलटा चालवायला सुरुवात केली. एक फूट म्हणजे शून्य पूर्णांक तीन शून्य चार आठ मीटर. तेरा हजार एकशे तेवीस गुणिले तेवढं. उत्तर आलं ३९९९.८९.

म्हणजे चार हजार.

असेल. एखादा कॅम्प नेमका चार हजार मीटरवर असू शकतो. दुसरा घेतला. १४,७६४. उत्तर ४५००.०७. बाईंनी चष्मा पुसला. तिसरा, ४९९९.९४. चौथा, ५४००.१४. शिखर, ६०९९.९६.

चार हजार, साडेचार हजार, पाच हजार, पाच हजार चारशे, सहा हजार शंभर.

त्या बराच वेळ त्या पाच आकड्यांकडे बघत राहिल्या. फुटांत असताना ते किती अंगभर कपडे घालून आले होते, शेवटचं बटणसुद्धा लावून. मीटरमध्ये नेले तर आत एकाच शिंप्याकडचे पाच पुतळे. डोंगर असा नसतो. डोंगर माणसाच्या सोयीनं शंभरा-शंभरावर थांबत नाही. हातात उंची दाखवणारा अल्टिमीटर घेऊन खरंच चालत गेलेला माणूस ३,८७० आणतो, ४,६१० आणतो. हे आकडे पायांनी आलेले नव्हते. हे कुणीतरी खुर्चीत बसून आणले होते.

मग त्यांनी नकाशा उलगडला. बिननावाच्या शिखराभोवती समोच्च रेषा एकात एक अडकलेल्या होत्या. प्रत्येक रेषा म्हणजे चाळीस मीटर. बाईंनी टाचणीच्या टोकानं त्या मोजल्या, दोनदा. सर्वांत आतली रेषा ६,०४० ची. तिच्या आत काही नाही. म्हणजे शिखर ६,०४० च्या वर, पण ६,०८० च्या खाली. त्याहून उंच असतं तर आणखी एक रेषा आली असती. सहा हजार शंभर मीटर? तो डोंगर तिथे नव्हताच.

"टोप्या," त्यांनी हाक मारली. आवाज अगदी साधा ठेवला. "ये जरा. बस."

तो आला. बसला नाही.

"कॅम्प दोनला पाणी कुठनं आणलंस?"

"डावीकडच्या घळीतनं. दुपारी तीननंतर येतं. सकाळी गोठलेलं असतं."

"किती लांब?"

"जाताना सहा मिनिटं. येताना बादली असते, मग दहा."

पटकन उत्तर आलं. जरा जास्तच पटकन. पाठ केलेलं असेल, बाईंनी मनात लिहून घेतलं.

"शिखरावर काय होतं?"

"काही नव्हतं, मावशी. वारा होता. मला वाटलं होतं काहीतरी असेल."

हे उत्तर पाठ केल्यासारखं नव्हतं. त्यामुळे बाईंचा संशय कमी व्हायला हवा होता. पण संशयाचं तसं नसतं. त्याला खरं उत्तर दिलं तरी तो तेच चघळत बसतो. अभिनय चांगला करतो, त्यांना वाटलं.

त्या दिवशी त्यांनी सही केली नाही.

घरी मास्तर कुंडीतली माती उकरत होते. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले, कानानं जरा कमी. बाईंनी हात धुता धुता सगळं सांगितलं.

"म्हणजे पोरगा गेलाच नाही म्हणतेस?"

"अर्ध्यावर गेला असेल. वरचं सगळं नकाशावरनं अंदाजानं लिहिलंय. नकाशाही नीट वाचला नाही."

"तोंडावर विचारलंस?"

"विचारलं की तो सावध होईल."

मास्तरांनी बोटाची माती झटकली. "आपलं लग्न ठरलं तेव्हा मी वय सांगितलं होतं सत्तावीस. तू माझा दाखला मागवून घेतला होतास."

"निघालात ना अठ्ठावीस!"

"दोन महिन्यांनी पूर्ण होणार होते. म्हणजे सत्तावीसच होते. तुला अजून पटलेलं नाही." ते पुन्हा कुंडीकडे वळले. "पोराला अकरा वर्षांनी एक गोष्ट मिळतेय. तेवढं बघ."

"त्याच्या मागून चौदा माणसं जाणारेत. तेही बघू ना?"

मास्तरांना बहुधा ऐकू आलं नाही. किंवा आलं असावं. त्यांच्या बाबतीतही बाईंना हे कधी नक्की ठरवता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी टिपणाचा कच्चा कागद केला, त्याच आकड्यांवरून, फक्त बघायला. तीन हजार मीटरच्या वर गेलं की आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंचीवर झोपायचं नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र तिथल्या तिथे काढायची, हा त्यांच्या टिपणांचा नियम. कॅम्प एक ते दोन, पाचशे. दोन ते तीन, पाचशे. तीन ते चार, चारशे. सगळं नियमात. इतकं नियमात, की जणू नियम समोर ठेवून त्यातून डोंगर काढला होता. बाईंना आता काही शंका उरली नाही. त्यांनी कॅल्क्युलेटर उचलला आणि मालकापुढे जाऊन ठेवला.

"बोलवा त्याला."

मालकानं टोप्याला बोलावलं. मागोमाग बाहेरच्या खोलीतलं दोर गुंडाळणं थांबलं. भिंत पातळ होती.

बाईंनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला, मोठ्यानं गुणला आणि उत्तर मालकाकडे फिरवलं. पाचव्या उत्तरापर्यंत मालकाच्या चेहऱ्यावरचे वीस हजार फूट हळूहळू खाली उतरले.

"म्हणजे काय झालं?" तो म्हणाला.

"म्हणजे ही उंची मोजलेली नाही. शंभराच्या हिशोबानं बसवलेली आहे. आणि शिखर नकाशाप्रमाणे सहा हजार ऐंशीच्या वर असूच शकत नाही. हा लिहितो सहा हजार शंभर. हा वर गेलेला नाही."

मालक टोप्याकडे वळला. "काय रे?"

टोप्यानं टोपी काढली. ऑफिसातल्या कुणीही ते कधी पाहिलं नव्हतं. टोपीखाली साधे केस होते, घामानं चिकटलेले.

"मी गेलोय," तो म्हणाला.

"मग हे काय आहे?"

"ते मावशींचे आकडे आहेत."

बाईंच्या हातातला चष्मा तिथेच थांबला. "माझे?"

टोप्या बाहेरच्या खोलीत गेला. दाराआडच्या खिळ्याला लटकवलेलं दोराचं भेंडोळं त्यानं उतरवलं. त्यामागे भिंतीवर एक पिवळा पडलेला पुठ्ठा होता. बाईंचं अक्षर, नऊ वर्षांपूर्वीचं, काळ्या शाईत. डावीकडे मीटर : ३,०००, ३,१००, ३,२००, असं शंभरा-शंभरानं सात हजारापर्यंत. उजवीकडे त्यांचे फूट, शेवटच्या अंकापर्यंत. आणि खाली, दोनदा अधोरेखित केलेलं :

*गाईडांनी स्वतः गुणाकार करू नये. फूट या तक्त्यातलेच घ्यावेत.*

बाईंना आठवलं. त्या इथे आल्या तेव्हा एका गाईडनं मीटरला नुसतं तीननं गुणलं होतं. अठ्ठेचाळीसशे मीटरवरचा कॅम्प त्यानं चौदा हजार चारशे फूट लिहिला होता. खरे होते पंधरा हजार सातशे अठ्ठेचाळीस. तेराशे अठ्ठेचाळीस फूट हवेत उडून गेले, आणि त्या कॅम्पवर एका बाईला उलट्या सुरू झाल्या तेव्हा कुणाला कळेना की एवढ्याशा उंचीवर हिला झालं काय. तिला उतरवलं, वाचली. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी हा तक्ता लिहून भिंतीवर ठोकला. स्वतः त्यांनी तो कधीच वापरला नाही. दुसऱ्यानं केलेला तक्ता त्या वापरत नसत, आणि स्वतःचाही नाही.

"मशीन मीटर दाखवतं," टोप्या म्हणाला. "कागदावर रकाना फुटांचा. कॅम्प एक आला तीन हजार नऊशे साठ. तक्त्यात नऊशे साठ नाही. एकतर तीन हजार नऊशे आहे, नाहीतर चार हजार. जवळचा घेतला. आम्ही सगळे असंच करतो, मावशी. नऊ वर्षं. गुणाकार केला तर तुम्ही ओरडता."

बाहेरून कुणीतरी खोकलं. होकाराचं खोकणं होतं.

"नऊ वर्षं?" बाई म्हणाल्या. "मग आधीच्यांचे असे सारखे का नाही दिसले?"

"जुन्या वाटांच्या उंच्या नकाशावर छापलेल्या असतात. तिथे तुम्ही नकाशातलीच घेता. ह्या वाटेवर काही छापलेलं नव्हतं. म्हणून माझेच उघडे पडले."

हे खरं होतं. बाईंना त्याची चीड आली. "आणि मीटर कुठे लिहिलेस?"

त्यानं आतल्या खिशातून एक छोटी वही काढली. कोपरे मऊ झालेली, पेन्सिलनं लिहिलेली, मधल्या काही पानांवर मेणाचे डाग. बाईंनी ती घेतली. पहिला विचार त्यांच्या मनात आला तो असा, की ही काल रात्रीच बनवली असेल. मेण तर कुणीही सांडतं.

त्या खिडकीशी जाऊन वाचायला लागल्या. गाव, जिथून चढ सुरू होतो, ३,६००. तिथल्या दगडावर उंची कोरलेली आहे, अल्टिमीटर त्यावरून लावला. कॅम्प एक, ३,९६०. कॅम्प दोन, ४,५४०. तीन, ४,९६०. चार, ५,४३०. शिखर, ६,०७०. त्यांनी मनातल्या मनात नकाशातली ती सर्वांत आतली रेषा काढली. ६,०४० च्या वर, ६,०८० च्या खाली. सहा हजार सत्तर तिथे बरोबर मावत होते.

पण हेही नकाशा बघून लिहिता येतं. बाईंनी पान उलटलं. शेवटच्या नोंदीत पेन्सिल जोरात दाबलेली होती. *गाव परत. त्याच दगडावर मशीन ३,६२० दाखवतंय. हवा पडलीय. वीस खोटे.*

त्या तिथेच थांबल्या. अल्टिमीटर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. हवा बिघडून दाब उतरला, की माणूस जागचा हलला नाही तरी यंत्र त्याला वर चढवून ठेवतं. गेल्या बुधवारपासून इथेही आभाळ भरलेलं होतं. बाईंनी घरी वाळत घातलेले कपडे दोनदा आत घेतले होते. खोटं लिहिणारा माणूस सगळं जुळवून आणतो. परत आल्यावर दगड न जुळल्याची नोंद तो करत नाही. स्वतःच्या यंत्राला खोटं ठरवणारं एक वाक्य, तेही कुणी वाचणार नाही अशा वहीत, फक्त तोच लिहितो ज्याला खरोखर दगडासमोर उभं राहून आश्चर्य वाटलं आहे.

आकडेबाईंनी वही मिटली. आयुष्यात फार कमी वेळा त्यांच्या संशयाला बसायला जागा उरली नव्हती. तो उभाच राहिला, अवघडून, पाहुण्यासारखा. आणि मग सवयीनं दुसरी जागा शोधत तो वळला आणि त्यांच्याच अंगावर आला.

त्यांनी पुन्हा वही उघडली. तीन हजार नऊशे साठ ते चार हजार पाचशे चाळीस. पाचशे ऐंशी.

"साहेब," त्या म्हणाल्या, आणि आवाज थोडा घसरला. "कॅम्प एक ते दोन पाचशे नाही. पाचशे ऐंशी मीटर आहे. कॅम्प एक खालचा होता, तो तक्त्यानं वर नेला. दोन वरचा होता, तो खाली ओढला. दोन्हीकडून चाळीस-चाळीस. मी सही केली असती तर सगळं नियमात दिसलं असतं."

"म्हणजे एवढं काही वाईट आहे का?" मालकानं विचारलं. "ऐंशी तर आहेत."

"मला पण डोकं दुखलं होतं तिथे," टोप्या म्हणाला. "मला वाटलं, मीच कच्चा."

बाहेर दोर गुंडाळायला पुन्हा सुरुवात झाली, हळूहळू.

"मध्ये तंबू टाकायला जागा आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे. ओढा ओलांडला की सपाटी आहे. चार हजार दोनशे चाळीस. वहीत आहे बघा, जेवायला थांबलो होतो."

होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं. मग स्वतःच्या टेबलाशी बसून त्यांनी आराखडा पहिल्यापासून लिहायला घेतला. एक रात्र वाढली. मुक्कामांपुढे मीटर आले, आणि फूट कंसात, आकडा शंभरात नेऊन, अलीकडे "सुमारे" शब्द लावून. शिखरापाशी त्यांनी ६,०७० गुणिले ३.२८०८४ केले. १९,९१५. हा आकडा त्यांनी कच्च्या कागदावर लिहिला, बघितला आणि त्यावर काट मारली. यंत्रावर रेघ दर दहा मीटरला. दहा मीटर म्हणजे जवळजवळ तेहतीस फूट. ज्या यंत्राला तेहतीस फूट दिसत नाहीत, त्याच्या नावावर पंधरा फूट कसे लिहायचे? त्यांनी लिहिलं : *शिखर ६,०७० मीटर (सुमारे १९,९०० फूट).*

मालकानं ते वाचलं, कच्च्या कागदावरचा काट मारलेला आकडाही वाचला आणि खुर्चीत मागे रेलला. "एकोणीस हजार नऊशे! बाई, काल वीस हजार तेरा होता. खाली पडला की काय डोंगर?"

"डोंगर आहे तिथेच आहे."

"निदान ते पंधरा तरी ठेवा. आधी पंच्याऐंशी गेले, आता वरचे पंधराही घेतलेत. शंभराला चुकला हो माझा डोंगर! वीस हजाराला माणसं धावत येतात. एकोणीस हजार नऊशेला म्हणतील, बघू पुढच्या वर्षी." मग त्याचा आवाज मऊ झाला. "वीस हजार तेरा तुमच्याच तक्त्यात आहे की. तुमचंच अक्षर. मी कुठे खोटं बोलतोय?"

बाईंनी नकाशाचा चष्मा काढला आणि माणसांचा लावला. कचेरीतला तो साहेब त्यांना आठवला. त्याचा आवाजही असाच मऊ होता. *मी लिहून दिलंय ना, तुम्ही फक्त उतरवा.*

त्या उठल्या, बाहेरच्या खोलीत गेल्या. खिळे गंजले होते, पुठ्ठा ओढल्यावर भिंतीचा थोडा चुना सोबत आला. परत येऊन त्यांनी पुठ्ठा आधी उभा, मग आडवा फाडला. काळी शाई अजून घट्ट होती. एकही आकडा त्यात चुकीचा नव्हता.

"आता नाही माझ्या तक्त्यात," त्या म्हणाल्या.

मालक कप उचलून खिडकीकडे गेला. "छापा," तो काचेला म्हणाला. "छापा तुमचं सुमारे."

"आणि नेणार कोण?"

"तोच नेईल. दुसरं कोण? तुमच्यासमोर उभं राहायला बाकी कुणाची तयारी आहे?"

बाईंनी सही केली. नोंदींच्या कागदावर त्यांनी फुटांचा रकाना खोडून मीटर लिहिले, खाली पेन्सिलच्या वहीचा उल्लेख केला आणि सही केली. मग आराखडा टोप्यापुढे सरकवला. म्होरक्याचीही सही लागते. त्याची ही पहिलीच.

टोप्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली होती. त्यानं पेन उचललं, शिखराच्या ओळीपर्यंत आणलं आणि थांबला. बाईंकडे बघितलं. नऊ वर्षं ज्या नजरेनं बाई सगळ्यांकडे बघत आल्या होत्या, तशीच ती नजर होती, फक्त नवी होती, नीट बसत नव्हती.

"मावशी, तो कॅल्क्युलेटर द्या जरा," तो म्हणाला.

बाईंनी दिला. बाई म्हण, असं सांगायचं त्यांना सुचलं नाही.

तो एका बोटानं, सावकाश, बटणं दाबू लागला. एकोणीस हजार नऊशे. गुणिले. शून्य पूर्णांक तीन शून्य चार आठ. बाई समोर हात जोडून बसल्यासारख्या बसून राहिल्या. आपण चुकलो नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या थांबून होत्या, आणि छातीत काहीतरी मोजत होतं, एक, दोन, तीन, जिन्यासारखं.

"सहा हजार साडेपासष्ट येतंय," टोप्या म्हणाला. "वहीत सत्तर आहेत."

"साडेचार मीटर सुमारेमध्ये गेले."

त्यानं बटण दाबून आकडा पुसला. "बघतो एकदा परत," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून दाबायला लागला.